या चुका टाळा : ‘पान ४१, कलम ७.१’ लिहिलं, पण जोडलेली फाईल ३४ पानांचीच

फ्लॅटचा ताबा वेळेत मिळाला नाही म्हणून महारेराकडे ऑनलाइन तक्रार करताना नोंदणीकृत करारनामा पीडीएफ करून जोडावा लागतो. तक्रारीचा मजकूर मात्र बहुतेक जण टेबलावरचा कागदी करार उघडून लिहितात. इथेच घोळ होतो. लिहिणाऱ्यासमोर एक दस्त असतो आणि वाचणाऱ्याच्या पडद्यावर त्याहून तोकडा दुसराच. ‘पान ४१ पाहावे’ असं लिहिलेलं असतं आणि फाईल ३४ पानांत संपते. मुद्दा खरा असूनही तो तपासता येत नाही, आणि समोरच्या वकिलाला ‘असं कलम करारात नाहीच’ म्हणायला जागा मिळते.

एक नमुना घेऊ. पाथर्डी फाट्याजवळच्या इमारतीतला फ्लॅट, नाशिकच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला करार, एकूण पानं ६८. तक्रारीत तीन संदर्भ आहेत : ताब्याच्या तारखेसाठी पान ४१ वरचं कलम ७.१, मुदतवाढीच्या अटींसाठी पान ४२, आणि व्याजासाठी पान ४६ वरचं कलम ९.२. जोडलेली फाईल ३४ पानांची आहे.

३४ म्हणजे ६८ च्या बरोबर निम्मे. आकडा असा निम्मा आला की पहिला संशय स्कॅनिंगवर घ्यावा. करार पाठपोट छापलेला असतो. झेरॉक्सच्या दुकानात गठ्ठा मशीनच्या ट्रेमध्ये ठेवला आणि सेटिंग एकाच बाजूचं राहिलं, तर प्रत्येक कागदाची मागची बाजू सुटते. फाईल सरसर चाळली तर ती पूर्णच वाटते, कारण पहिलं पान आहे, सह्या आहेत, मध्ये कुठे कोरं पान नाही.

खात्री नोंदणीच्या शिक्क्यावरून होते. दुय्यम निबंधक कार्यालयाचा शिक्का दस्ताच्या प्रत्येक पानावर असतो. त्यात कार्यालयाचा संकेत (नाशिकला ‘नसन’ आणि पुढे आकडा), दस्त क्रमांक, वर्ष, त्या पानाचा क्रमांक आणि एकूण पानं असतात. आपल्या नमुन्यात पीडीएफच्या पहिल्या पानावर १/६८ आहे, दुसऱ्यावर ३/६८, तिसऱ्यावर ५/६८. निदान इथेच संपलं : फक्त विषम पानं आली आहेत. शिक्क्याचं पान ४१ फाईलमध्ये आहे, पण ते पीडीएफचं २१ वं पान आहे. कलम ७.१ तिथे तळाशी सुरू होतं आणि अर्ध्या वाक्यात तुटतं. पीडीएफच्या २२ व्या पानावर शिक्का ४३/६८, आणि मजकूर थेट ७.३ च्या मधोमध. पान ४२ आणि ४६ सम असल्यामुळे फाईलमध्ये नाहीतच.

अशा वेळी ‘४१ च्या जागी २१ लिहू’ ही दुरुस्ती सगळ्यात घातक आहे. पहिला संदर्भ जुळल्यासारखा दिसतो, पण ताब्याची तारीख ज्या अटींवर पुढे जाऊ शकते त्या अटी पान ४२ वर राहिल्या आहेत. अर्धं कलम दाखवलं की लपवाछपवीचा आरोप ओढवून घेतला असं समजा. आकडा बदलू नका, फाईल पूर्ण करा.

मूळ कागद हाताशी असेल तर दोन्ही बाजूंच्या सेटिंगवर सगळा दस्त पुन्हा स्कॅन करणं सरळ. दुकानदाराला ‘पाठपोट आहे, ६८ पानं यायला हवीत’ असं आकड्यासकट सांगा आणि पेन ड्राइव्ह घेण्याआधी तिथेच संख्या बघा. मशीन एकाच बाजूचं असेल तर गठ्ठा तसाच उलटा करून मागच्या बाजू वेगळ्या फाईलमध्ये घ्याव्या लागतात. त्या उलट क्रमाने येतात, म्हणजे ६८, ६६, ६४ असं. संगणकावर `qpdf` असेल तर दोन्ही फाईली एकाआड एक अशा जुळवता येतात :

```
qpdf --empty --collate --pages visham.pdf sam.pdf z-1 -- purna.pdf
pdfinfo purna.pdf
```

पहिल्या ओळीतल्या `z-1` मुळे सम पानं शेवटापासून घेतली जातात. दुसरी ओळ चालवल्यावर `Pages` समोर ६८ दिसलं पाहिजे. तेवढ्यावर थांबू नका. सुरुवातीची, मधली आणि शेवटची चार-सहा पानं उघडून शिक्क्याचा क्रम बघा, कारण दोन कागद चिकटून गेले आणि दोन पानं दोनदा आली तरी बेरीज जुळते.

संख्या निम्मी नसेल तर कारण दुसरं असतं. फाईल एक-दोन पानांचीच असेल आणि वर ‘सूची क्र.२’ असेल, तर करार जोडलाच गेलेला नाही. त्या उताऱ्यात मिळकत, पक्षकार, मोबदला असा गोषवारा असतो, कलमं नसतात. मधल्याच पानावर वाक्य तोडून फाईल संपत असेल तर आकार कमी करण्यासाठी केलेल्या तुकड्यांपैकी पहिलाच चढवला गेला आहे, किंवा मोबाइलवरचं स्कॅनिंग अर्धवट सुटलं आहे. पूर्ण दस्ताच्या शेवटी ‘दस्त गोषवारा’, पक्षकारांचे फोटो, अंगठ्यांचे ठसे आणि दस्तात एकूण किती पानं आहेत याचं प्रमाणपत्र असतं. हा शेवट फाईलमध्ये आहे का, हे सगळ्यात आधी बघावं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

बिल्डरने नोंदणीआधी ई-मेलवर पाठवलेला मसुदा जोडणं ही तितकीच मोठी चूक, आणि ती ओळखायला अवघड. मसुदा नीटनेटका, पूर्ण आणि वाचायला सोपा असतो, म्हणून तोच हाताला लागतो. पण त्यावर नोंदणीचा शिक्का नसतो, परिशिष्टं नसतात, त्यामुळे पानं कमी भरतात. शिवाय नोंदणीच्या वेळी एखादं कलम वाढलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. शेजाऱ्याचा करार वापरतानाही हेच होतं. इमारत एक असली तरी ताब्याची तारीख आणि अटी वेगळ्या असू शकतात.

फाईल पूर्ण झाली तरी पानाचा कोणता क्रमांक लिहायचा, हा प्रश्न उरतोच. करारात टाईप केलेला क्रमांक, शिक्क्यातला क्रमांक आणि पीडीएफचा क्रमांक वेगळे निघू शकतात. चलानसारखे कागद आधी लागल्यामुळे टाईप केलेलं ३७ वं पान शिक्क्यात ४१ वं होतं. शिक्क्यातला क्रमांक कागदावरच उमटलेला असल्याने तोच मुख्य धरावा आणि सोबत कलमाचे पहिले काही शब्द अवतरणात द्यावेत :

‘परिशिष्ट अ, नोंदणी शिक्क्यानुसार पान ४१/६८ व ४२/६८ (पीडीएफ पान ४१–४२), कलम ७.१, सुरुवात : “...”’

अवतरणातले शब्द चढवलेल्या फाईलमधून वाचूनच उतरवा. पान सापडलं नाही तर ते लिहितानाच कळेल.

मूळ दस्तातलंच एखादं पान हरवलं असेल तर ते दुसऱ्याच्या करारातून घेऊ नका किंवा टाईप करून घालू नका. दस्त क्रमांक आणि वर्ष देऊन नोंदणी झालेल्या दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मागा. तक्रार आधीच दाखल झाली असेल तर पूर्ण दस्तासोबत एक छोटं दुरुस्तीपत्र द्या. त्यात आधीच्या फाईलमध्ये सम पानं स्कॅन झाली नव्हती हे स्पष्ट लिहा, तिन्ही संदर्भ जुने आणि नवे असे समोरासमोर मांडा, आणि तेच पत्र समोरच्या पक्षालाही पाठवा.