फोटोतला तक्ता एक्सेलमध्ये घेताना या चुका टाळा

राजारामपुरीत टायपिंग आणि डेटा एन्ट्रीचं काम करतो. विद्यापीठातली मुलं प्रबंधाच्या दिवसांत ग्रंथालयातून मोबाईलवर फोटो काढून आणतात आणि म्हणतात, "काका, एवढा तक्ता एक्सेलमध्ये पाहिजे." बहुतेक फोटो जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनाचे असतात, नाहीतर तशाच जुन्या सांख्यिकी पुस्तकांचे. अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, म्हणजे ओसीआरमधून, पान काढलं की पाच मिनिटांत आकडे समोर येतात. खरा घोटाळा त्यानंतर सुरू होतो, कारण चुकलेला आकडासुद्धा आकड्यासारखाच दिसतो.

गेल्या महिन्यात एक मुलगी उसाच्या तक्त्याचं पान घेऊन आली. तिचं काम जसंच्या तसं इथं मांडत नाही. त्यातले सगळे घोटाळे एका छोट्या तक्त्यात बसवून दाखवतो. आकडे समजावण्यासाठी मी घेतलेले आहेत, ते कुठे खरे म्हणून वापरू नका. पानाच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलंय, "क्षेत्र शेकडा हेक्टर, उत्पादन हजार टन". आणि तक्ता असा आहे:

| तालुका | क्षेत्र | उत्पादन | दर हेक्टरी उत्पादन (टन) | ठिबक क्षेत्र (हेक्टर) |
|---|---|---|---|---|
| करवीर | २१५ | १८९२ | ८८.० | ४१० |
| शिरोळ | १८२¹ | १६३८ | ९०.० | ९६५ |
| हातकणंगले | १६८ | १४२८ | ८५.० | ५४० |
| गगनबावडा | २४ | ..@ | ..@ | ३५ |
| एकूण | ५८९ | ४९५८ | ८७.८ | १९५० |

खाली दोन टिपा आहेत. १ म्हणजे सुधारित अंदाज. @ म्हणजे माहिती उपलब्ध नाही, एकूण दर हेक्टरी उत्पादनात हा तालुका धरलेला नाही.

फोटोतच निम्मं गमावणं

मुलं फोटो काढतात तो तक्त्याच्या चौकटीपुरता. कोपऱ्यातलं एकक कापलं जातं आणि तळटिपाही जातात. तक्ता दोन पानांवर असेल तर टिपा दुसऱ्या पानाच्या तळाशी असतात, तिथपर्यंत कुणी जातच नाही. म्हणून अख्खं पान घ्या, वरच्या शीर्षकापासून खालच्या पान क्रमांकापर्यंत, आणि "पुढे चालू" दिसलं तर पुढचंही पान घ्या.

पुस्तक शिवणीजवळ फुगतं आणि तिथला रकाना वाकडा येतो. पानावर काच ठेवून दाबली तर बरं, नाहीतर डावं आणि उजवं पान वेगवेगळं सपाट करून घ्यावं. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड पुरतो. ए-फोर पानाची रुंदी साधारण आठ इंच धरली तर फोटोत पानाच्या रुंदीला २४०० पिक्सेल तरी हवेत, म्हणजे इंचाला ३०० पडतात. फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला की तो आकसतो, आणि सगळ्यात आधी पुसट होतो तो वर चिकटलेला बारीक टिपेचा आकडा.

टिपेचा आकडा संख्येला चिकटणं

सॉफ्टवेअर म्हणून मी टेसरॅक्ट वापरतो, मराठी डेटासह. तक्त्यासाठी आज्ञा अशी:

```
tesseract pan.png pan -l mar --psm 6
```

इथला `6` महत्त्वाचा आहे. तो नसला तर प्रोग्राम पानाचे भाग स्वतःच पाडतो आणि पुष्कळदा एकेक रकाना वरून खाली वाचत सुटतो. `6` दिला की सगळं पान एकच ठोकळा धरून ओळीने वाचतो. आपल्या पानावर निघालं ते असं:

```
करवीर २१५ १८९२ ८८.० ४१०
शिरोळ १८२१ १६३८ ९०.० ९६५
हातकणंगले १६८ १४२८ ८५.० ५४०
गगनबावडा २४ ३५
एकूण ५८९ ४९५८ ८७.८ १९५०
```

शिरोळ बघा. १८२ वरचा बारीक १ शेजारी येऊन बसला आणि क्षेत्र दहापट झालं. प्रोग्राम प्रत्येक शब्दाला खात्रीचा गुण देतो, पण तो इथं कामाला येत नाही. अक्षर १ आहे हे त्यानं बरोबरच ओळखलंय, ते संख्येचं नाही एवढंच त्याला कळलेलं नाही.

हे पकडायचं छापील एकूण वापरून. चार तालुक्यांच्या क्षेत्राची बेरीज येते २२२८, छापलंय ५८९. फरक १६३९. आता हा फरक ९ ने भागा. भागाकार १८२, बाकी १. मूळ संख्या आणि टिपेचा क्रमांक दोन्ही हातात आले! यात जादू काही नाही. संख्येच्या शेवटी अंक चिकटला की ती दहापट अधिक तो अंक होते. त्यातून मूळ संख्या वजा केली की नऊपट अधिक तो अंक उरतो. रकान्यात एकच चूक असेल आणि टिपेचा क्रमांक ९ पेक्षा लहान असेल तरच हे जमतं. तरीही भागाकारावर विसंबून आकडा बदलू नका. कुठल्या ओळीत बघायचं ते त्यानं सांगितलं, आता फोटो मोठा करून तीच चौकट डोळ्यांनी बघा.

देवनागरीत १ आणि ९ यांचीही गल्लत होते, विशेषतः जुन्या छपाईत शाई पसरलेली असली की. तिथं बेरजेतला फरक नेमका ८, ८० किंवा ८०० असा येतो. असा फरक दिसला की मी आधी १ आणि ९ असलेले आकडेच तपासतो. आणि रकान्यांमधली उभी रेघ कधीकधी दंड म्हणून, कधी १ म्हणून वाचली जाते. एकाच रकान्यातल्या सगळ्या संख्यांच्या सुरुवातीला १ दिसू लागला तर ती रेघ समजावी.

रिकाम्या चौकटीमुळे ओळ सरकणं

गगनबावड्याच्या ओळीतले ठिपके प्रोग्रामने धूळ समजून टाकून दिले. राहिले २४ आणि ३५. ते तसेच एक्सेलमध्ये गेले की ठिबकचे ३५ हेक्टर उत्पादनाच्या रकान्यात जाऊन बसतात आणि ३५ हजार टन होतात. डोंगराळ तालुका आहे, ऊस कमीच असणार, असं म्हणून माणूस पुढे जातो. ती मुलगीही गेली होती.

बेरीज इथंही बोलते. उत्पादनाचा रकाना ३५ ने जास्त भरतो आणि ठिबकचा ३५ नेच कमी. एक रकाना जितका जास्त तितकाच दुसरा कमी, म्हणजे आकडा चुकलेला नाही, घर चुकलंय. त्याच आज्ञेच्या शेवटी `tsv` लिहिलंत तर प्रत्येक शब्दाचं पानावरचं ठिकाणही मिळतं. त्यातल्या `left` या रकान्यावरून ३५ हा आकडा डावीकडून किती अंतरावर आहे ते दिसतं आणि तो ४१०, ९६५ यांच्याच खाली बसतो हे कळतं. मोठ्या तक्त्याला मी शब्दांच्या क्रमाने रकाने पाडतच नाही, या अंतरानेच पाडतो. फोटो तिरपा असेल तर अंतरं खाली खाली सरकत जातात, म्हणून आधी सरळ करून घ्या.

".." च्या जागी शून्य भरणं

ही चूक माणूस करतो. रिकामी चौकट बघवत नाही, म्हणून ० टाकतो. पण छापील तक्त्यात रेघ, दोन ठिपके आणि ० यांचे अर्थ वेगवेगळे असू शकतात. ते त्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या चिन्हांच्या यादीत किंवा तळटिपेत बघावे लागतात. सगळ्या पुस्तकांत ते एकसारखे नसतात.

आपल्या तक्त्यात फरक किती पडतो बघा. उत्पादन हजार टनात आणि क्षेत्र शेकडा हेक्टरमध्ये आहे, म्हणून भागाकाराला १० ने गुणायचं. शिरोळ: १६३८ भागिले १८२, म्हणजे ९, आणि गुणिले १० म्हणजे ९०. बरोबर जुळलं. एकक नीट वाचलं की नाही याची ही सगळ्यात सोपी परीक्षा. आता एकूण: ४९५८ भागिले ५८९, गुणिले १०, येतात ८४.२. छापलेत ८७.८. माझ्याकडून काही चुकलं म्हणून मी दोनदा आकडे तपासले. मग टीप वाचली. गगनबावड्याचे २४ वगळून ५६५ ने भागलं की ८७.८ बरोबर येतात. ती @ ची ओळ फोटोत नसती तर हा आकडा छपाईची चूक वाटला असता, आणि गगनबावड्यापुढे शून्य टाकलं असतं तर तिथं ऊस लावूनही काहीच पिकलं नाही असं दिसलं असतं.

एकक शीर्षकात सोडून देणं

त्याच तक्त्यात क्षेत्र शेकडा हेक्टरमध्ये आहे आणि ठिबक मात्र साध्या हेक्टरमध्ये. दोन्ही रकाने शेजारी ठेवून कुणी टक्केवारी काढली तर शिरोळला १८२ हेक्टरावर ९६५ हेक्टर ठिबक! म्हणून एकक प्रत्येक आकड्यासोबत चालत राहिलं पाहिजे. मी आडव्या तक्त्याऐवजी एका ओळीत एकच आकडा ठेवतो:

```
तालुका,बाब,छापील,आकडा,एकक,टीप
शिरोळ,क्षेत्र,१८२¹,182,शेकडा हेक्टर,1
गगनबावडा,उत्पादन,..@,,हजार टन,@
गगनबावडा,ठिबक,३५,35,हेक्टर,
```

टिपांचा मजकूर वेगळ्या शीटवर, चिन्ह आणि पूर्ण वाक्य असा. "छापील" रकान्यात पानावर दिसतं तेच ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही. हिशोब "आकडा" रकान्यावर. शेकड्याचं हेक्टर करायचं असेल तर तो आणखी एक रकाना, मूळ खोडून नाही.

देवनागरी अंक एक्सेल पुष्कळदा मजकूर समजतं आणि `SUM` शून्य दाखवतं. घाबरू नका, अंक बदलून घ्या. पायथॉन येत असेल तर `int("१८२")` सरळ `182` देतो. हजारांचे स्वल्पविराम मात्र आधी काढा, नाहीतर सीएसव्हीत एका संख्येची दोन घरं होतात.

एवढं करूनही काही बेरजा एक-दोनने चुकतात. प्रत्येक तालुक्याचा आकडा शेकड्यात पूर्ण करून छापलेला असतो आणि एकूण मूळ आकड्यांवरून काढलेलं असतं, त्यामुळे असं होतं. ते जुळवू नका. त्या मुलीच्या पानावरही एका रकान्यात २ चा फरक राहिला होता. ती म्हणाली, "काका, एकूणच बदलूया की, कोण बघतंय." मी तिच्यासमोर टिपांच्या शीटवर एक ओळ वाढवली: "छापील एकूण व बेरीज यात २ चा फरक, मूळ पानातच आहे."