सायरनचा सूर आणि ताऱ्याचा वेग: डॉप्लर परिणाम समजून घेताना या चुका टाळा

रुग्णवाहिका लांबून येते, पुढ्यातून जाते आणि निघून जाते. सायरनच्या सुराचं काय झालं असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "जवळ येताना चढत गेला, लांब जाताना उतरत गेला." यातला पहिला अर्धा भाग चुकीचा आहे, आणि तोच मनात घेऊन पुढे ताऱ्यांकडे गेलं की तिथेही घोळ होतो.

गाडी एकाच वेगाने येत असेल तर येताना सूर चढत जात नाही. तो पहिल्यापासूनच वर असतो आणि वरच राहतो. चढत जातो तो आवाजाचा जोर. आपला कान जोर आणि सूर यांची सहज गल्लत करतो. भर म्हणून रुग्णवाहिकेचा सायरन मुळातच वरखाली होणारा असतो, त्यामुळे कोणता चढउतार सायरनचा आणि कोणता वेगाचा हे कळतच नाही.

आकडे घालून पाहू. सायरनमधून सेकंदाला 700 कंपनं निघत आहेत आणि हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर आहे असं धरा. गाडी उभी असेल तर दोन लागोपाठच्या तरंगांमधलं अंतर 49 सेंमी. आता गाडी ताशी 60 किमीने, म्हणजे सेकंदाला सुमारे 16.7 मीटरने आपल्याकडे येतेय. एक तरंग सुटून दुसरा सुटेपर्यंत ती सुमारे 2.4 सेंमी पुढे सरकते, म्हणजे दुसरा तरंग पहिल्याच्या तेवढा जवळ निघतो. अंतर उरलं 46.6 सेंमी. ध्वनीचा वेग तोच, म्हणून कानावर सेकंदाला 736 तरंग आदळतात. गाडी पुढे गेली की उलटं होतं, तरंग लांबतात आणि 668 च ऐकू येतात. ड्रायव्हरला मात्र सगळा वेळ 700 च ऐकू येतात. सायरन बदललेला नसतो, बदलते ती तरंगांमधली जागा. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात.

मग सूर नेमका कधी उतरतो? आपण गाडीच्या रस्त्यातच उभे नसतो (सुदैवाने), बाजूला असतो. तुम्ही रस्त्यापासून 10 मीटरवर आहात असं समजा. गाडी 100 मीटरवर असते तेव्हा तिचा जवळपास सगळा वेग तुमच्या दिशेने असतो. 20 मीटरवर आली तरी सुमारे 89 टक्के तुमच्याकडेच असतो. अगदी समोर आली की ती तुमच्याकडेही येत नसते आणि दूरही जात नसते, त्या क्षणी निघालेला ध्वनी मूळ 700 चाच. म्हणजे बहुतेक सगळी घसरण समोरच्या 40 मीटरमध्ये, अडीच सेकंदांत उरकते. रस्त्याच्या जितकं जवळ उभं राहाल तितकी ती झटक्यात होते.

यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे: डॉप्लरला गाडीचा पूर्ण वेग दिसत नाही. ऐकणाऱ्याला आणि गाडीला जोडणाऱ्या रेषेवरचा वेग तेवढा दिसतो. खगोलवाले त्याला दृष्टिरेषेवरचा किंवा अरीय वेग म्हणतात.

सायरन सोडा, रेल्वेचा भोंगा धरा

स्वतः मोजून पाहायचं असेल तर सायरनच्या नादी लागू नका. छोट्या स्थानकावर न थांबता जाणाऱ्या एक्स्प्रेसचा लांबलचक भोंगा घ्या, कारण तो एका सुरात असतो. फलाटाच्या कडेपासून बरंच मागे उभं राहून मोबाइलवर रेकॉर्ड करा. मूळ सूर किती होता हे माहीत नसलं तरी चालतं, येतानाचा आणि जातानाचा सूर यांचं गुणोत्तर पुरतं. गाणाऱ्याच्या कानाला तर यंत्रही लागत नाही. भोंगा कोमल गंधारावरून षड्जावर घसरला, तर गुणोत्तर 6:5, म्हणजे 1.2 झालं. गुणोत्तरातून एक वजा करा, त्याला गुणोत्तर अधिक एकने भागा आणि ध्वनीच्या वेगाने गुणा:

```
v = 343 × (1.2 − 1) / (1.2 + 1) = 31.2 m/s
```

ताशी 112 किमी. मेच्या दुपारी पारा 40 वर असेल तर ध्वनीचा वेग 355 मीटरच्या आसपास जातो आणि त्याच सुरांमधून 116 निघतात. उत्तर विचित्र आलं तर आधी दोन गोष्टी तपासा. येतानाचा सूर गाडी पुरेशी लांब असताना घेतला होता का? अगदी जवळ आल्यावर घेतला असेल तर घसरण सुरू झालेली असते आणि वेग कमी निघतो. आणि गाडी वेग कमी करत होती का? तसं असेल तर येतानाचा सूरही हळूहळू उतरत असतो.

तारे लाल-निळे होत नाहीत

ही चूक खुद्द ख्रिश्चन डॉप्लरने केली होती. 1842 मध्ये प्रागमध्ये मांडलेल्या त्याच्या निबंधाचा विषय सायरन नव्हताच, जोडताऱ्यांचे रंग हा होता. जवळ येणारा तारा निळसर आणि दूर जाणारा लालसर दिसतो, असं त्याचं म्हणणं. तत्त्व बरोबर, वापर चुकीचा. ध्वनीवर त्याची परीक्षा बाइस बालॉट या डच शास्त्रज्ञाने 1845 मध्ये घेतली, तीही आगगाडीवर वादक बसवून आणि रुळाच्या कडेला सुरांचे जाणकार उभे करून. ताऱ्यांच्या रंगांचं मूळ मात्र त्यांच्या तापमानात निघालं.

रंग का बदलत नाही ते पाहा. 51 पेगासी हा महाश्व तारकासमूहातल्या मोठ्या चौकोनाशेजारचा अंधुक तारा आपल्याकडे सेकंदाला सुमारे 33 किमीने येतोय. वेग प्रचंड, पण प्रकाशाच्या वेगापुढे तो नऊ हजारांत एक भाग. हायड्रोजनची 656.28 नॅनोमीटरवरची लाल रेषा त्यामुळे जेमतेम 0.07 नॅनोमीटर सरकते. डोळ्याला हा फरक कळणं शक्य नाही. शिवाय सगळा वर्णपटच सरकतो, त्यामुळे निळ्या टोकाकडून जेवढं बाहेर जातं तेवढं लाल टोकाकडून आत येतं. म्हणून खगोलशास्त्रज्ञ रंग बघत नाहीत, वर्णपटातल्या काळ्या रेषा कुठे आहेत ते बघतात. रेषा ही खूण असते, आणि खूण किती सरकली ते मोजता येतं.

इथे नवशिक्यांना हमखास अडवणारी एक बाब आहे. 656.28 ही तरंगलांबी हवेतली आहे, पोकळीत तीच रेषा 656.46 वर येते. तुमचा वर्णपट एका पद्धतीत आणि तुलनेचा तक्ता दुसऱ्या पद्धतीत असेल, तर तारा जागचा हलला नसतानाही त्याला सेकंदाला 83 किमीचा वेग चिकटतो. सगळे तारे साधारण 83 नेच पळताना दिसले, तर दोष ताऱ्यांचा नाही, तक्त्याचा.

ऐकणाराही धावतोय

याच 51 पेगासीभोवती 1995 मध्ये मिशेल मेयर आणि दिदिये केलो यांनी ग्रह शोधला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला तो पहिला ग्रह, आणि त्यासाठी दोघांना 2019 चं नोबेल मिळालं. ग्रह त्यांना दिसला नव्हता. ग्रहाच्या ओढीने तारा 4.23 दिवसांत एकदा मागेपुढे डुलतो, त्या डुलण्याचा वेग सेकंदाला 56 मीटर. आपल्या एक्स्प्रेसच्या दुप्पटही नाही.

हे डुलणं हाती येण्याआधी मोठा अडथळा असतो पृथ्वीचा. ती सूर्याभोवती सेकंदाला 30 किमीने फिरते. त्यातला 51 पेगासीच्या दिशेचा भाग वर्षभरात अधिक 27 ते उणे 27 किमी असा झुलतो. सप्टेंबरच्या सुमारास तर तो एका दिवसात 460 मीटरने बदलतो. म्हणजे जे शोधायचं आहे त्याच्या आठपट हालचाल एकट्या निरीक्षकाची! फलाटावर उभं राहून भोंगा ऐकण्याऐवजी आपण दुसऱ्या गाडीत बसून तो ऐकतोय, असा हा प्रकार. त्यातच पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे एका रात्रीतही वेग बदलत राहतो.

उपाय असा की प्रत्येक निरीक्षणातून पृथ्वीची गती वजा करायची आणि वेग सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राच्या संदर्भात लिहायचा. गणित संगणक करतो, चूक होते ती त्याला वेळ देताना. 51 पेगासी माथ्याजवळ असताना वेळेत एका मिनिटाची चूक झाली, तर मध्य अक्षांशांवरून वेगात सेकंदाला दीड मीटरची चूक येऊ शकते. आपल्याकडे आणखी एक खड्डा आहे: घड्याळातली भारतीय वेळ तशीच टाकायची आणि संगणकाने ती वैश्विक वेळ समजायची. साडेपाच तासांच्या या फरकाने पृथ्वीच्या कक्षेतल्या गतीमुळेच 100 मीटरपर्यंतची चूक पडते. 56 मीटर शोधणाऱ्याचा खेळ तिथेच संपला. वेळ छायाचित्र सुरू झाल्याची नव्हे, मधली द्यावी. आणि मध्येच ढग आले असतील तर प्रकाशाचा जास्त भाग ज्या वेळी आला तिकडे ती झुकवावी लागते.

चूक ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्या आलेखातला झोका एका वर्षाचा किंवा एका दिवसाचा निघाला, तर आधी पृथ्वीवर संशय घ्या.

उरला यंत्राचा प्रश्न. 56 मीटरने ती लाल रेषा 0.00012 नॅनोमीटर सरकते. मेयर-केलो यांच्या एलोडी वर्णपटमापकाला सेकंदाला सुमारे 7 किमीच्या आतला वेगाचा फरक एका रेषेत सुटा दिसत नव्हता. त्यांनी हजारो रेषांची सरासरी एकदम काढली, आणि ताऱ्याशेजारीच थोरियमच्या दिव्याचा वर्णपट त्याच वेळी टिपला. यंत्र तापमानाने जरा सरकलं तर दिव्याच्या रेषाही तेवढ्याच सरकतात, मग तो भाग वजा करता येतो. माउंट अबूवरचा पारस वर्णपटमापकही याच पद्धतीने काम करतो.

झोका आहे म्हणून ग्रह आहे असं नाही

ताऱ्यावरचे डाग त्याच्याबरोबर फिरतात आणि रेषेचा आकार एका बाजूला कलंडवतात. सरासरी काढताना ते सरकल्यासारखंच दिसतं. 1997 मध्ये डेव्हिड ग्रे यांनी नेमका हाच आक्षेप घेतला: 51 पेगासीच्या रेषांचा आकार बदलतोय, तेव्हा हे ताऱ्याचंच स्पंदन असावं, ग्रह नाही. पुढच्याच वर्षी जास्त निरीक्षणांत तो बदल टिकला नाही आणि त्यांनी दावा मागे घेतला. म्हणून आता रेषा सरकली का एवढंच बघून भागत नाही, ती आकार न बदलता सरकली का हेही बघतात.

आणि शेवटी रस्त्याकडेची तीच गोष्ट. कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे हे डॉप्लर सांगत नाही. 51 पेगासीच्या ग्रहाचं वस्तुमान गुरूच्या निम्म्याहून थोडं कमी, असं लिहिलेलं वाचाल तेव्हा ते किमान वस्तुमान आहे. कक्षा आपल्याला कडेने न दिसता ताटासारखी समोरून दिसत असेल तर ताऱ्याच्या डुलण्याचा मोठा भाग आपल्या दृष्टिरेषेला काटकोनात निसटलेला असतो, आणि ग्रह त्याहून जड असतो.