भेंडीवरचा हळद्या : आधी झाड उपटा, मग पंप उचला

भेंडीच्या कोवळ्या पानाच्या शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा दिसला, तर तो हळद्या, म्हणजे यलो व्हेन मोझॅक हा विषाणूचा रोग. याच्या उलट, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर बहुधा लोह कमी पडलंय. ते झाड उपटू नका. विषाणू मारणारं औषध दुकानात मिळत नाही. कोणी देत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

हा रोग पांढरी माशी पसरवते. रोगट झाडाचा रस शोषला की विषाणू तिच्या अंगात शिरतो आणि बहुतेक वेळा ती मरेपर्यंत राहतो. म्हणजे शेतातलं प्रत्येक पिवळं झाड माश्यांना विषाणू पुरवणारा साठा असतो. तो साठा तसाच ठेवून फवारत बसलं, तर शेजारच्या रानातून आलेली नवी माशीही तिथूनच विषाणू उचलते.

समजा, दहा गुंठ्यांत दोन फूट बाय एक फुटावर लावलेली साडेपाच हजारांच्या आसपास झाडं आहेत आणि विसाव्या-बाविसाव्या दिवशी बारा पिवळी दिसली. बारा झाडं गेल्याने उत्पन्नाला काही होत नाही, शेजारची झाडं जागा भरून काढतात. पहाटे माशी सुस्त असते, तेव्हा जा. झाडावर अलगद पिशवी घाला, तोंड आवळा, मग मुळासकट उपटा. नुसतं हिसकलं तर माश्या उडून शेजारी बसतात. उपटलेलं झाड बांधावर न टाकता खड्ड्यात पुरा. आठवड्यातून दोनदा अशी फेरी मारा, कारण लागण झालेलं झाड लक्षण दाखवायला दहा-पंधरा दिवस घेतं; आज हिरवं दिसणारं पुढच्या फेरीत पिवळं निघेल.

माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा, बांधावरची तणं काढा, पाच टक्के निंबोळी अर्क पानाच्या खालून बसेल असा मारा. पिल्लं तिथेच चिकटलेली असतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड वारंवार मारू नका. मित्रकीटक मरतात आणि माशी उलट वाढते.

काकडीवरच्या मोझॅकची गोष्ट वेगळी. तो मावा पसरवतो आणि मावा सोंड टोचताच, सेकंदांत ते मिनिटांत, विषाणू देऊन जातो. कीटकनाशक त्याला मारेपर्यंत काम झालेलं असतं. तिथे पेरणीआधीच कडेने मक्याच्या दोन-तीन ओळी लावा. बाहेरून आलेला मावा आधी मक्यावर टोचतो आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच संपतो.

उपटण्यालाही मर्यादा आहे. तोडणी सुरू झाल्यावर निम्मं रान पिवळं दिसलं, तर एकेक झाड काढण्यात अर्थ नाही. उरलेली भेंडी तोडा, प्लॉट लवकर मोडा आणि लगेच शेजारी नवी भेंडी लावू नका.