पानाचा फोटो काढून जीवशास्त्राची कार्डं बनवताय? या चुका टाळा

दहावीची मुलं माझ्याकडे विज्ञान शिकायला येतात. हल्ली जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये Anki हे प्रश्नोत्तरांची कार्डं पाठ करवून घेणारं ॲप असतं. धड्याच्या पानाचा फोटो काढायचा, गूगल लेन्समधून मजकूर उचलायचा, तो कार्डांत चिकटवायचा आणि बसमध्ये पाठ करत यायचं. कल्पना चांगलीच आहे, माझा तिला विरोध नाही. विरोध आहे तो पाच मिनिटांत चाळीस कार्डं झाली म्हणून खूश होण्याला. त्या चाळीसांतली निम्मी कार्डं कुणी एकदाही नीट वाचलेली नसतात.

दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा, आनुवंशिकता व उत्क्रांती, उदाहरणाला घेऊ. त्यात उत्क्रांतीचे पुरावे येतात ती पानं व्याख्या आणि उदाहरणांनी भरलेली आहेत, त्यामुळे कार्डांना अगदी योग्य. आणि चुकाही सगळ्यात जास्त तिथेच होतात.

फोटोतून आलेला मजकूर न वाचता चिकटवणं

ही माझी सगळ्यात जुनी तक्रार. मोबाइल देवनागरी बऱ्यापैकी वाचतो, पण ध आणि घ, भ आणि म, ब आणि व यांच्यात गल्लत करतो. अनुस्वार गाळतो. 'दुग्धग्रंथी'चं 'दुग्घग्रंथी' झालं तर निदान डोळ्याला खटकतं तरी. खरा धोका असतो तो बरोबर वाटणाऱ्या चुकीत.

एका मुलीच्या वहीत मला 'संघिपाद प्राणी' असं दिसलं. पहिल्यांदा वाटलं, घाईत लिहिलं असेल. पुढच्या ओळीतही तेच, आणि चाचणीच्या उत्तरपत्रिकेतही तेच. विचारलं तर तिने आत्मविश्वासाने सांगितलं, "मॅडम, प्राण्यांचे संघ असतात ना, म्हणून संघिपाद." कार्ड उघडून पाहिलं. फोटो पुस्तकाच्या शिवणीजवळ वाकलेला, ओळीचा शेवट पुसट, आणि मोबाइलने 'संधिपाद' हे 'संघिपाद' म्हणून वाचलेलं. वर्गीकरणाच्या धड्यात संघ हा शब्द सतत येत असल्यामुळे तिच्या मनाने त्या चुकीला कारणही शोधून दिलं. सांधे असलेले पाय म्हणून संधिपाद, हे तिला माहीत होतं, पण कार्ड रोज समोर यायचं आणि रोज तीच चूक पक्की व्हायची. Anki चं कामच ते आहे, जे कार्डावर असेल ते डोक्यात बसवणं. बरोबर की चूक, हे त्याला कळत नाही.

माझी सवय अशी आहे की मजकूर आधी साध्या नोट्समध्ये टाकायचा, पुस्तक शेजारी उघडं ठेवायचं आणि मोठ्याने वाचायचा. मनातल्या मनात वाचलं की डोळा शब्द पुरा करून घेतो, तोंडाने वाचताना अडखळायला होतं. पारिभाषिक शब्द मी उचललेल्या मजकुरातून घेतच नाही, हाताने टाइप करते. एका पानावर असे शब्द असतात तरी किती? वेळ जातो, हे खरं आहे. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांनी कार्डं करूच नयेत, पुस्तक वाचावं.

फोटोबद्दलही थोडं. पान सपाट ठेवा, फोन बरोबर वर धरा, गुळगुळीत कागदावर फ्लॅश मारू नका, खिडकीचा उजेड पुरतो. त्याहून सोपं म्हणजे बालभारतीच्या संकेतस्थळावर हीच पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतलात तर वाकलेल्या ओळींचा प्रश्नच उरत नाही. हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी मुलं अंथरुणावर पडून पिवळ्या दिव्यात फोटो काढतात.

चौकटी मजकुरात मिसळणं

आपल्या पुस्तकात 'जरा डोके चालवा', 'माहीत आहे का तुम्हांला?' अशा चौकटी असतात आणि आकृत्यांना नावं असतात. मोबाइल हे सगळं एका दमात वाचतो, आणि व्याख्येच्या मधोमध आकृतीतलं एखादं नाव येऊन बसतं. लेन्समध्ये 'सगळं निवडा' दाबू नका, लागतो तेवढाच परिच्छेद बोटाने निवडा.

उदाहरणांची नुसती यादी करणं

हा दुसरा प्रकार जास्त महत्त्वाचा आहे, कारण यात शुद्धलेखन अगदी बरोबर असतं आणि तरी कार्ड कुचकामी असतं. नमुना पाहा. पुढच्या बाजूला 'अवशेषांगे', मागे व्याख्या आणि खाली 'उदा. आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढा, अंगावरील केस'. मुलगा चार नावं घडाघडा म्हणतो आणि कार्ड 'Good' करून पुढे जातो.

मी अशा एका मुलाला विचारलं, "गाईचं आंत्रपुच्छ अवशेषांग आहे का?" तो म्हणाला, "हो, आंत्रपुच्छ अवशेषांगच असतं." धड्यात तर तिथेच सांगितलंय की माणसात निरुपयोगी मानलं जाणारं आंत्रपुच्छ रवंथ करणाऱ्या प्राण्यांत कार्य करणारा अवयव आहे. कानाच्या स्नायूंचंही तसंच: आपल्याला त्यांचा उपयोग नाही, माकडांना आहे. म्हणजे अवशेषांग ही त्या अवयवाची कायमची जात नव्हे. कोणत्या सजीवात, हे सांगितल्याशिवाय उदाहरण अर्धवटच. उत्क्रांतीचा पुरावा म्हणून सगळा मुद्दा त्यातच आहे, आणि यादीच्या कार्डातून नेमका तोच गळतो. जाता जाता एक सांगते: माणसाच्या आंत्रपुच्छात प्रतिकारशक्तीशी संबंधित ऊती असतात, त्यामुळे 'अगदी निरुपयोगी' हा शब्द आज शास्त्रज्ञ जपून वापरतात. परीक्षेत पुस्तकातलंच लिहा, पण कार्डाच्या तळाशी बारीक टीप ठेवायला हरकत नाही.

जोडणाऱ्या दुव्यांचंही असंच होतं. कार्डावर 'पेरीपॅटस, डकबिल प्लॅटिपस, लंगफिश' अशी तीन नावं. चाचणीत प्रश्न आला, पेरीपॅटसला वलयी आणि संधिपाद यांच्यातला दुवा का म्हणतात? निम्म्या वर्गाने लिहिलं, 'कारण त्यात दोन्हींची लक्षणे आहेत.' कोणती लक्षणं? त्याला कागदावर उत्तर नाही. अशा उत्तराला मी गुण देत नाही.

त्या परिच्छेदातून मी कार्डं अशी करते. एक कार्ड फक्त व्याख्येचं. दुसरं उलटं, म्हणजे पुढे वर्णन आणि मागे नाव. मग प्रत्येक उदाहरणाला स्वतंत्र कार्ड, आणि प्रश्न 'का?' असा:

पुढे: पेरीपॅटसमध्ये वलयी प्राण्यांची कोणती लक्षणं दिसतात?
मागे: खंडीभूत शरीर, पातळ उपचर्म, पार्श्वपादासारखे अवयव.

पुढे: आणि संधिपादांची कोणती?
मागे: श्वासनलिका, खुली रक्ताभिसरण संस्था.

पुढे: अंडी घालतो, पण अंगावर केस आणि दुग्धग्रंथी आहेत. कोण? कोणत्या दोन गटांना जोडतो?
मागे: डकबिल प्लॅटिपस, सरीसृप आणि सस्तन.

लंगफिशचं कार्ड छोटं: मासा असून फुप्फुसांनी श्वसन करतो, म्हणून मत्स्य आणि उभयचर यांच्यातला दुवा. पेरीपॅटसची लक्षणं मुद्दाम दोन कार्डांत तोडली आहेत. पाचही एकत्र ठेवली तर श्वासनलिका वलयींकडे जाते आणि चूक कुठे झाली ते कळतही नाही.

मुलं म्हणतात, "मॅडम, एका पानाची इतकी कार्डं?" जास्त नाहीत. नीट निवड केली तर अशा पानातून दहा-बारा निघतात. चाळीस निघत असतील तर तुम्ही पान उतरवून काढताय.

आख्खा परिच्छेद मागच्या बाजूला

कार्बनी वयमापन हे याचं नेहमीचं गिऱ्हाईक. पुढे 'कार्बनी वयमापन', मागे आठ ओळी. तो परिच्छेद तीन प्रश्नांत मोडतो. सजीव मेल्यावर काय थांबतं? कार्बन घेणं. मग शरीरातल्या C-14 आणि C-12 पैकी कोण कमी होत जातं आणि का? C-14, कारण तो किरणोत्सारी आहे, C-12 नाही. वय कशावरून काढतात? दोघांच्या बदललेल्या गुणोत्तरावरून. विलार्ड लिबी यांचं नाव चौथ्या कार्डावर, एवढंच.

पान जिथे तुटतं तिथे थांबणं

व्याख्या एका पानावर, उदाहरण पुढच्या पानावर. शेवटचं वाक्य पूर्ण झालंय का, ते आधी बघा.

आकृतीचं वर्णन लिहीत बसणं

माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर यांतली हाडं शब्दांत कशाला लिहायची? Anki मध्ये आता 'Image Occlusion' आतच दिलेलं आहे. आकृती घाला आणि नावांवर पट्ट्या ओढा.

स्वल्पविरामाने फाइल तोडणं

शेवटची चूक तांत्रिक आहे, पण फसवी. कार्डं एक्सेलमध्ये लिहून साध्या सीएसव्हीत साठवली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात, म्हणून साठवताना 'CSV UTF-8' निवडावं लागतं. ती चूक लगेच दिसते तरी. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रश्न आणि उत्तर स्वल्पविरामाने वेगळे केले की उत्तरातले स्वल्पविरामही तोडायच्या जागा ठरतात. 'खंडीभूत शरीर, पातळ उपचर्म, पार्श्वपादासारखे अवयव' यातलं फक्त 'खंडीभूत शरीर' कार्डावर येतं आणि बाकीचं गुपचूप गळतं. कार्ड दिसतं अगदी व्यवस्थित, म्हणून कुणाला शंका येत नाही. मी टॅबने वेगळं करते आणि फाइलच्या पहिल्या ओळीत तसं सांगून ठेवते:

```
#separator:tab
पेरीपॅटस: वलयींची लक्षणं?	खंडीभूत शरीर, पातळ उपचर्म, पार्श्वपादासारखे अवयव
लंगफिश हा दुवा का?	मासा असून फुप्फुसांनी श्वसन करतो
```

फाइल आत घेतल्यावर Anki च्याच ब्राउझरमध्ये सगळ्यात लांब उत्तराचं कार्ड उघडून शेवटचा शब्द तपासा. तो जागेवर असेल तर बाकीची सहसा ठीक असतात.