मिस्त्रींचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आणि त्याची नोंद: या चुका टाळा

मे महिन्यात राजापूर-लांज्याकडचे छपरं करणारे मिस्त्री दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या घरावर चढलेले असतात. मालक मुंबईला, डोंबिवलीला नाहीतर विरारला. मिस्त्री घर बघतात, उतरल्यावर व्हॉट्सॲपवर बोट दाबून धरतात आणि चार मिनिटं बोलतात. मालक ते लोकलच्या गर्दीत अर्धं ऐकतो, बाकीचं रात्री ऐकू म्हणतो, आणि पुढे "मला असं बोललाच नव्हता तुम्ही" हे सुरू होतं.

बोलण्यात वाईट काहीच नाही. त्यानंतर एक लेखी नोंद जायला हवी, आणि ती लिहितानाच नेमक्या चुका होतात. एक नमुना घेऊ:

"हां दादा, नमस्कार. आत्ताच घराकडे जाऊन आलो, किल्ली काकींकडे परत दिली. तर पाठच्या पडवीचं काय झालंय, वानरांनी कौलं पार उलथून टाकलीत. दीडशे तरी गेली, दोनशे धरा. वासे बघितले, दोन तर गेलेच, वाळवीनं आतून पोकळ केलेत, तिसरा बहुतेक जाईल. ऐनाचे घालू ना? आणि तो विहिरीचा पंप पण आवाज करतोय, ते बोलू नंतर. कौलांचा गाडीवाला म्हणतो शुक्रवारपर्यंत सांगा. पैशाचं म्हणाल तर वीस-एकवीसपर्यंत जाईल, थोडे आधी टाकलेत तर बरं. पावसाआधी करून टाकू या."

चूक पहिली: बोललं तसंच टाइप करणं. बोलताना गोष्टी आठवतील त्या क्रमाने येतात: किल्ली, वानर, वासे, पंप. वाचणाऱ्याला मात्र आधी कळायला हवं की आपण काय करायचं आहे. या मेसेजमध्ये मालकाने करायच्या गोष्टी दोनच आहेत: लाकडाला होकार आणि आगाऊ रक्कम. दोन्ही मधेच कुठेतरी पुरल्यात. नोंदीत त्या सगळ्यात वर हव्यात. किल्ली गाळली तरी चालेल. पंप गाळू नका, पण त्याला एकाच ओळीत शेवटी बसवा, नाहीतर सगळं बोलणं पंपावरच जातं.

चूक दुसरी: करणारा कोण ते न लिहिणं. "करून टाकू या", "बघावं लागेल", "सांगायला पाहिजे" ही आपली रोजची बोली. बोलताना समोरच्याला अंदाज येतो, कागदावर येत नाही. गाडीवाल्याला कोण सांगणार? वासे कोण आणणार? प्रत्येक वाक्यात "मी" किंवा "तुम्ही" बसतो का ते बघा. बसला नाही, तर ते काम कुणाचंच नाही.

चूक तिसरी: तारखेऐवजी ऋतू लिहिणं. "पावसाआधी" म्हणजे कधी? मुंबईत मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मेलाच आला होता. "पावसाआधी" म्हणणाऱ्याच्या डोक्यात मृग असतो, ऐकणाऱ्याच्या डोक्यात कधी कधी गणपती. "उद्या-परवा"चंही तेच: मेसेज दोन दिवसांनी ऐकला की तारीख सरकते. वार आणि तारीख दोन्ही लिहा. एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून लगेच कळते.

चूक चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात महाग: नीटनेटकं करण्याच्या नादात शंका पुसून टाकणं. मिस्त्री म्हणाले, "तिसरा बहुतेक जाईल." नोंद लिहिणारा, बहुतेक वेळा घरातला शिकलेला मुलगा, लिहितो: "तीन वासे बदलावे लागतील." वाक्य छान झालं, पण आता तिसऱ्या वाशाचे पैसे ठरल्यासारखे झाले. उलटही होतं: तो दोनच लिहितो आणि कौलं उतरल्यावर तिसरा हातात मोडतो. शंका तशीच राहू द्या, फक्त ती कधी आणि कशी मिटेल ते जोडा. पैशाचंही असंच. "वीस-एकवीस" हा अंदाज आहे की ठरलेली रक्कम, ते हिशोब मांडल्याशिवाय खुद्द मिस्त्रींनाही सांगता येत नाही. "दीडशे तरी गेली, दोनशे धरा" यात दोन आकडे आहेत: फुटलेली दीडशे, घ्यायची दोनशे, म्हणजे पन्नास राखीव. मालकाने नंतर घरात पन्नास कौलं पडलेली पाहिली तर त्याला ते आधी माहीत असलेलं बरं.

म्हणून मेसेज दोनदा ऐका. पहिल्यांदा न लिहिता, हवं तर दीडपट वेगाने. दुसऱ्यांदा साध्या वेगाने, थांबवत, मुद्दे उतरवत. नोंद झाल्यावर फक्त "बहुतेक", "साधारण", "बघू" हे शब्द कुठे आले होते तेवढं पुन्हा तपासा. जिथे कळलं नाही तिथे स्वतः ठरवू नका, मिस्त्रींना फोन करा. वरच्या मेसेजमध्ये तसा फोन करावाच लागतो, कारण दर आणि आगाऊ रक्कम त्यात नाहीच. फोननंतर नोंद अशी होते:

> *पाठची पडवी: छप्पर दुरुस्ती* (मंगळवार, १२ मे)
>
> दादा, तुमच्याकडून शुक्रवार, १५ मे संध्याकाळपर्यंत हवं:
> १. नवे वासे ऐनाचे चालतील का? हो / नाही
> २. आगाऊ १०,००० रुपये
>
> आढळलं ते: सुमारे १५० कौलं फुटली. २ वासे वाळवीने पोकळ झालेत. तिसऱ्याची शंका आहे. कौलं उतरल्यावर कळेल.
>
> खर्च: कौलं २०० (५० राखीव) × ४० = ८,०००. वासे २ × २,००० = ४,०००. मजुरी ९,०००. एकूण २१,०००. तिसरा वासा लागला तर २,००० वाढतील. आधी फोटो पाठवून विचारीन.
>
> मी करणार: तुमचा होकार आला की शुक्रवारीच गाडीवाल्याला सांगतो, वासे मी आणतो. सोमवार, १८ मे सुरुवात, बुधवार, २० मे शेवट.
>
> शुक्रवारपर्यंत कळलं नाही तर गाडी पुढच्या आठवड्यात जाईल आणि काम २५ मेनंतर सुरू होईल.
>
> पंपाचं वेगळं बोलू.

"कळलं नाही तर" ही ओळ काहींना उद्धट वाटते. मला नाही वाटत. मालक गप्प राहिला म्हणजे होकार, असं धरून कौलं मागवणारा मिस्त्री स्वतःच्या पैशाने अडकतो. ही ओळ त्याला वाचवते आणि मालकालाही उशिराची किंमत आधीच सांगते.

पाठवताना होणाऱ्या चुका. नोंद सुटी पाठवू नका. मूळ व्हॉइस मेसेजलाच उत्तर म्हणून जोडा, म्हणजे दोन्ही एकत्र सापडतात. शीर्षकाच्या दोन्ही बाजूंना * लावलं की ते ठळक दिसतं, तेवढी सजावट पुरे. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो, पण शुद्धलेखनापुरताच बदला. दर किंवा तारीख चुकली असेल तर "दुरुस्ती:" म्हणून नवा मेसेज टाका, कारण समोरच्याने आधीचा आकडा वाचून ठेवलेला असू शकतो. काम चालू असेपर्यंत नोंद चॅटमध्ये पिन करून ठेवा. जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येते, एवढ्या कामाला ते भरपूर झाले.

आणि उत्तरात नुसता अंगठा आला तर? प्रश्न दोन होते, अंगठा एक. त्यावर गाडीवाल्याला फोन करू नका. एक ओळ परत टाका: "ऐन पक्का ना दादा? आगाऊ शुक्रवारी टाकताय का?"