कावीळ झाली तर कोणती गोळी थांबवायची?

क्षयरोगाची औषधं पाठ करायला एका रात्रीत जमतं. आयसोनियाझिड मायकोलिक आम्ल रोखतं, रिफॅम्पिसिन आरएनए पॉलिमरेजला, इथॅम्ब्युटॉल पेशीभित्तिकेतल्या अरॅबिनोगॅलॅक्टनला आणि पायराझिनामाइड आम्लधर्मी जागेतल्या संथ जंतूंना मारतं. पण वॉर्डात मी अडकले ती जागा वेगळीच होती. माझं स्पष्ट मत आहे, नुसत्या आद्याक्षरांच्या क्लृप्त्यांवर विसंबू नका. त्यांनी नावं आठवतात, निर्णय घेता येत नाही.

समजा, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत काम करणारे ५२ किलो वजनाचे काका आहेत. रोज चार संयुक्त गोळ्या घेतात, म्हणजे आयसोनियाझिड ३००, रिफॅम्पिसिन ६००, पायराझिनामाइड १६०० आणि इथॅम्ब्युटॉल ११०० मिलिग्रॅम. तिसऱ्या आठवड्यात मळमळ, उलट्या, जेवण नकोसं. एएलटी २२०, कमाल मर्यादा ४०. लघवी केशरी होतेय म्हणून आधीच घाबरलेत. तो रिफॅम्पिसिनचा रंग, त्याची चिंता नको. चिंता आहे ती एएलटीची. लक्षणं असताना एएलटी मर्यादेच्या तिप्पट झालं, किंवा लक्षणं नसतानाही पाचपट झालं, तर औषध थांबवायचं.

इथं बहुतेक जण म्हणतात, 'आयसोनियाझिड बंद करा.' चूक! यकृताला त्रास देणारी औषधं तीन आहेत, पायराझिनामाइड त्यातलं बऱ्याचदा सर्वांत त्रासदायक. तिन्ही एकदम थांबवायची. मग उरलं एकटं इथॅम्ब्युटॉल, ते चालू ठेवायचं का?

अजिबात नाही. मोठ्या पोकळीत साधारण १० कोटी जंतू असतात. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू दर १० लाखांत एक निपजतो, म्हणजे उपचाराआधीच असे शंभरेक तिथं हजर. रिफॅम्पिसिनला न जुमानणारा १० कोटींत एक. दोन्हींना पुरून उरणारा सापडायला १० लाख गुणिले १० कोटी जंतू हवेत, तेवढे शरीरात नसतात. एकटं औषध दिलं की हेच शंभर वाढत जातात, आणि थुंकी पुन्हा पॉझिटिव्ह येते तेव्हा उशीर झालेला असतो. इथॅम्ब्युटॉलचंही तसंच.

म्हणून आजार सौम्य असेल तर सगळंच थांबवून एएलटी उतरण्याची वाट बघतात. गंभीर असेल तर इथॅम्ब्युटॉलला लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि यकृताला न दुखावणाऱ्या आणखी एका औषधाची जोड देतात. एएलटी दुपटीखाली आलं की आधी रिफॅम्पिसिन, काही दिवसांनी आयसोनियाझिड, प्रत्येक टप्प्यावर तपासणी. कावीळ तीव्र होती तर पायराझिनामाइड पुन्हा देत नाहीत. मात्र सहा महिन्यांत उपचार संपतात ते त्याच्यामुळेच, त्यामुळे मग नऊ महिने मोजावे लागतात. काकांना हे आधीच सांगा, नाहीतर सहाव्या महिन्यात ते गोळ्या सोडतील.

पहिल्यांदा हे सगळं डोक्यात गोंधळतं, मलाही वेळ लागला. सिनिअरांना विचारताना 'कोणतं' पेक्षा 'का' विचारा, आणि इथॅम्ब्युटॉल लिहिताना लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, हे तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका.