‘बेस्ट लिफ्टर’ ठरवताना या चुका टाळा: वजनाने भागणं, २/३ आणि हरवलेला कंस

व्यायामशाळेच्या स्पर्धेत गटवार बक्षिसं वाटून झाली की शेवटी एकच करंडक उरतो, बेस्ट लिफ्टरचा. तोपर्यंत ५५ किलोचा मुलगा आणि ९६ किलोचा गडी एकमेकांच्या वाटेला गेलेले नसतात. आता दोघांना एकाच तराजूत तोलायचं असतं. आमच्याकडे गुणांची वही बरीच वर्षं माझ्याकडे होती. सुरुवातीला मी सरळ उचललेल्या वजनाला अंगाच्या वजनाने भागायचो. करंडक जवळजवळ दर वर्षी सगळ्यात हलक्या दोन गटांतच जायचा. एकदा ९० किलोच्या वरच्या गटातला एक जण टेबलाशी येऊन शांतपणे म्हणाला, “सर, आम्ही यात कधी येणारच नाही का?” घरी जाऊन जुने तक्ते काढले. त्याचं म्हणणं खरं होतं.

वजनाने सरळ भागणं

एक माणूस दुसऱ्यापेक्षा सगळ्या बाजूंनी १० टक्के मोठा आहे असं धरा: उंची, रुंदी, जाडी, सगळं. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, म्हणजे ती १.१ × १.१ = १.२१ पट होईल. वजन मात्र घनफळाबरोबर वाढतं, १.३३ पट. ताकद २१ टक्के वाढली आणि वजन ३३ टक्के, तर भागाकार सुमारे ९ टक्क्यांनी घसरणारच. मोठ्या माणसाचा यात काही दोष नाही, त्याचा सराव कमी पडलेला नाही. भागाकाराची रीतच हलक्याच्या बाजूने झुकलेली आहे.

क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाने आणि घनफळ घनाने वाढतं, म्हणून ताकद वजनाच्या २/३ घाताप्रमाणे वाढायला हवी. १९५६ साली लिट्झके यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात वेटलिफ्टिंगचे जागतिक विक्रम आणि शरीराचं वजन या दोन्हींचे लॉग घेऊन आलेख मांडला, तेव्हा रेषेचा उतार २/३ च्या अगदी जवळ आला. म्हणून वजनाऐवजी वजनाच्या २/३ घाताने भागायचं:

```
गुण = उचललेलं वजन / (शरीराचं वजन)^(2/3)
```

फरक किती पडतो ते २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत पदक मिळवलेल्या सहा भारतीय पुरुषांवर पाहू. स्नॅच आणि क्लीन अँड जर्क यांची बेरीज घेतली आहे. शरीराचं वजन म्हणून गटाची वरची मर्यादा धरली आहे. शेवटच्या रकान्याकडे आपण नंतर येऊ.

| खेळाडू | गट (किलो) | बेरीज (किलो) | वजनाने भागून | २/३ घाताने | सिंक्लेअर |
|---|---|---|---|---|---|
| संकेत सरगर | ५५ | २४८ | ४.५१ | १७.१५ | ३८५ |
| गुरुराजा पुजारी | ६१ | २६९ | ४.४१ | १७.३६ | ३८७ |
| जेरेमी लालरिननुंगा | ६७ | ३०० | ४.४८ | १८.१९ | ४०६ |
| अचिंत शेउली | ७३ | ३१३ | ४.२९ | १७.९२ | ४०२ |
| विकास ठाकूर | ९६ | ३४६ | ३.६० | १६.५० | ३९० |
| लवप्रीत सिंग | १०९ | ३५५ | ३.२६ | १५.५६ | ३८२ |

सरळ भागाकारात आपला सांगलीचा संकेत पहिला येतो. २/३ घाताने तो चौथा जातो आणि जेरेमी व अचिंत, म्हणजे या सहांपैकी ज्यांनी सुवर्ण जिंकलं ते दोघे, वर येतात. (संकेतचं सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकलं आणि शेवटच्या प्रयत्नांत कोपराला दुखापत झाली, हे सांगलीकर विसरणार नाहीत. सूत्राला त्यातलं काही कळत नाही, ते फक्त त्या दिवशीची बेरीज पाहतं.)

१०९ किलोच्या वरच्या गटात कांस्य मिळवणारे गुरदीप सिंग तक्त्यात मुद्दाम घेतलेले नाहीत. त्या गटाला वरची मर्यादाच नसते, त्यामुळे तिथे गटाच्या आकड्यावर भागवता येत नाही. स्पर्धेत तर सगळ्यांच्याच बाबतीत वजनकाट्यावर नोंदलेला आकडा घ्या. ७३ च्या गटात ६८.४ किलोचा खेळाडू उतरला असेल तर गटाच्या आकड्याने त्याचे गुण विनाकारण कापले जातात.

कंस राहून जाणं

ही चूक मी अनेक तक्त्यांत पाहिली आहे आणि ती सहज नजरेतून सुटते. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये A रकान्यात शरीराचं वजन आणि B रकान्यात उचललेलं वजन असतं, आणि लोक असं लिहितात:

```
=B2/A2^2/3
```

शीट आधी A2 चा वर्ग करते, त्याने भागते आणि आलेल्या उत्तराला पुन्हा ३ ने भागते. संकेतचे गुण १७.१५ ऐवजी ०.०२७ येतात. गंमत म्हणजे यादी लागते, क्रम दिसतो, कुणी हरकत घेत नाही, पण आता वजनाच्या वर्गाने भागलेलं असतं आणि जड माणूस पार तळाला जातो. घाताला कंस हवाच:

```
=B2/A2^(2/3)
```

पुरुषांच्या वेटलिफ्टिंगच्या बेरजेसाठी गुण साधारण १० ते २१ च्या आसपास यायला हवेत. शून्य पूर्णांक काहीतरी दिसलं की आधी कंस तपासा.

१७.१५ हा आकडा प्रेक्षकांना काहीच सांगत नाही, हीही एक अडचण आहे. त्यासाठी सगळ्यांना ७५ किलोवर आणून बोला: `=B2*(75/A2)^(2/3)`. क्रम तोच राहतो, पण मग “संकेतचे २४८ म्हणजे ७५ किलोच्या माणसाचे ३०५, आणि जेरेमीचे ३०० म्हणजे ३२३” असं माइकवर सांगता येतं आणि लोकांना ते लगेच कळतं.

२/३ सगळीकडे चालतं असं मानणं

तक्त्यातला २/३ चा रकाना वरून खाली वाचा. मधले गट उंच आहेत, वर थोडा उतार आहे आणि खाली मोठा. सहा माणसांवरून निष्कर्ष काढू नये, पण विक्रमांतही हेच दिसतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये ७३ किलो गटात चीनच्या शी झियोंगने ३६४ किलोची बेरीज केली, त्याचे गुण होतात २०.८. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेने २०२१ च्या जागतिक स्पर्धेत ४९२ किलो उचलले, तेव्हा त्याचं वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास होतं. २/३ घाताने त्याला सुमारे १५.७ मिळतात. म्हणजे इतिहासातली सगळ्यात मोठी बेरीज करणारा माणूस आपल्या तक्त्यात गुरुराजाच्याही खाली!

याचं कारण २/३ च्या गृहीतकातच आहे. ‘सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात मोठा’ असं आपण धरलं होतं. खऱ्या जड खेळाडूंमध्ये वाढलेल्या वजनातला मोठा भाग स्नायूंचा नसतो, आणि सगळ्यात वरच्या गटात तर वजन आवरण्याचं काही कारणच नसतं. म्हणून गट साधारण ५५ ते ८५ किलोमध्येच असतील तर २/३ चांगलं काम करतं. शंभरच्या पुढचे खेळाडू असतील तर ते सोडा आणि संघटनेचे गुणांक वापरा. वेटलिफ्टिंगसाठी सिंक्लेअर गुणांक आहे. २०१७ ते २०२० च्या चक्रासाठी पुरुषांचं सूत्र असं होतं, यात `x` म्हणजे शरीराचं वजन:

```
गुणांक = 10^(0.751945030 × (log10(x / 175.508))^2)
```

वजन १७५.५०८ पेक्षा जास्त असेल तर गुणांक १ धरायचा. तक्त्याचा शेवटचा रकाना याच सूत्राने काढला आहे. विकास ठाकूर पाचव्यावरून तिसरे येतात. शी झियोंगला ४६८ मिळतात आणि तालाखाद्झे ४९२ वर वरचढ ठरतो. महिलांसाठी स्थिरांक वेगळे असतात, पुरुषांचे लावू नका. पॉवरलिफ्टिंगमध्ये आधी विल्क्स गुणांक होते, २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने ते सोडले आणि २०२० पासून तिथे जीएल गुण आहेत. गेल्या स्पर्धेचे विल्क्स आणि यंदाचे जीएल एका यादीत घातले तर ती तुलना राहतच नाही. जुन्या बेरजा घेऊन सगळ्या एकाच सूत्राने पुन्हा काढा.

सगळ्यांना एकत्र करून स्वतःचा घात काढणं

काही हौशी प्रशिक्षक आपल्या जिमच्या नोंदींवरून घात काढतात. गूगल शीटमध्ये शरीराचं वजन आणि उचललेलं वजन या दोन्हींचे लॉग घेऊन रेषेचा उतार:

```
=ARRAYFORMULA(SLOPE(LN(B2:B21),LN(A2:A21)))
```

कल्पना चांगली आहे, पण घात कसा बिघडतो ते चार काल्पनिक लोकांच्या बेंचप्रेसवर पाहा. दोन मुली: ५० किलोची ४५ उचलते, ६४ किलोची ५३. दोन मुलगे: ६४ किलोचा ८५, ८२ किलोचा १००. मुलींचा उतार वेगळा काढला तर ०.६६ येतो, मुलग्यांचाही ०.६६. चौघांना एकत्र केलं की तोच उतार १.६१ होतो! मुलगे जड आहेत आणि शिवाय त्याच वजनालाही जास्त उचलतात. हा दुसरा फरक सूत्राने वजनाच्या नावावर टाकला. नवशिके हलके आणि जुने खेळाडू जड असतील तरी हेच होतं. म्हणून स्त्री-पुरुष, कुमार-प्रौढ, नवे-जुने असे गट आधी वेगळे करा. आलेला घात ०.५ च्या खाली किंवा १ च्या वर गेला तर सूत्रापेक्षा आधी यादीवर संशय घ्या.

गुणपद्धत कुठलीही असो, तपासणी एकच: गुण C रकान्यात ठेवून गुण आणि शरीराचं वजन यांचा सहसंबंध काढा, `=CORREL(A2:A21,C2:C21)`. तो शून्याच्या जवळ हवा. ठळक ऋण आला तर जड मंडळी मार खात आहेत, ठळक धन आला तर हलकी. पण शून्य आला म्हणून थांबू नका, बिंदूंचा आलेखही पाहा. मध्ये उंचवटा आणि दोन्ही टोकांना उतार असला तरी सहसंबंध शून्य येऊ शकतो.

पुलअपमध्ये स्वतःचं वजन विसरणं

आजकाल कमरेला प्लेट बांधून पुलअपच्या स्पर्धा होतात आणि तिथे लोक फक्त प्लेटचं वजन भागतात. समजा ६० किलोच्या मुलाने ४० किलो बांधले आणि ९० किलोच्याने ४५. फक्त प्लेट २/३ घाताने भागली तर २.६१ विरुद्ध २.२४, हलका जिंकला. पण बारवर हातांनी ओढलं ते पूर्ण शरीर, म्हणजे १०० किलो आणि १३५ किलो. तेच २/३ घाताने भागलं तर ६.५२ आणि ६.७२, निकाल उलटा. स्क्वॉटमध्येही हे काही प्रमाणात होतं, कारण बारबरोबर स्वतःचं धडही वर न्यावं लागतं, पण तिथे संघटनेचे गुणांक प्रत्यक्ष बेरजांवरूनच बसवलेले असतात, त्यामुळे वेगळं काही मिळवायचं नाही. पुलअप आणि डिप्ससाठी मात्र तक्त्यात आणखी एक रकाना घ्या:

```
=(A2+B2)/A2^(2/3)
```

A2 मध्ये त्याच दिवशी काट्यावर आलेलं वजन, B2 मध्ये फक्त प्लेट, साखळी आणि पट्टा. पट्ट्यासकट साखळीही तोलून घ्या, कारण गुण इतके जवळजवळ येतात की दोन किलोची साखळी क्रम बदलू शकते.